उपाशी पोटाची सुई

मंगलाबाई शिरसाठ शिकवायला उभ्या राहिल्या की समोर कोणी जांभई दिलेली त्यांना खपत नसे. "झोप येत असेल तर खाली बाकावर जाऊन झोपा, तुमची साखर काही तुमच्यासाठी थांबून राहणार नाही," असं त्या तोंडावर म्हणत, मग समोर मामलेदार असो की टेम्पोचा ड्रायव्हर. दर गुरुवारी सकाळी दहाला, गंगापूर रोडवरच्या एका खासगी दवाखान्याच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये मधुमेह्यांचा वर्ग भरायचा. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसाळ्यात त्याच्या आवाजापुढे बाईंना ओरडावं लागायचं. तरी नाशिकच नव्हे तर दिंडोरी, सिन्नरकडूनही माणसं यायची. मंगलाबाईंचा वर्ग एकदा ऐकला की माणूस स्वतःच्या पोटात काय चाललंय ते दुसऱ्याला सांगत सुटतो, अशी त्यांची ख्याती होती.

बाई मूळच्या निफाडच्या. वडील द्राक्षबागांत छाटणीचं काम करायचे. काडी कुठे कापायची आणि का, हे ते पोरीला समजावून सांगायचे. त्या 'का'ची सवय तिला लहानपणीच लागली आणि पुढे जन्मभर नडली. नर्सिंगच्या शिक्षणात मेट्रन म्हणायची, "शिरसाठ, नर्सनं विचारायचं नसतं, करायचं असतं." सिव्हिलमध्ये तेरा वर्षं काढली, बढतीच्या वेळी दरवेळी नाव मागे राहिलं. शेवटी डॉ. किशोर बेलगावकरांनी आपला दवाखाना काढला, तेव्हा त्यांनी या भांडखोर सिस्टरला बोलावून घेतलं. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, अबोल, भला माणूस. घरात बाईच बोलायच्या आणि तो ऐकायचा. दोघांचंही छान चाललं होतं.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. एका दुपारी ओपीडी संपल्यावर बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "सर, इन्सुलिननं साखर कमी होते, हे मी वीस वर्षं सांगतेय. पण होते म्हणजे जाते कुठे? आणि इन्सुलिन नेमकं करतं काय?"

डॉक्टर नुकतेच मुंबईहून एक परिषद करून आले होते आणि त्यांनाही कोणाला तरी सांगायचंच होतं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक गोल काढला. ही स्नायूची पेशी. तिच्या भिंतीत रिसेप्टर, म्हणजे निरोप टिपणारं प्रथिन, रोवलेलं असतं. त्याचे दोन भाग भिंतीच्या बाहेर, दोन आत. जेवण झालं, रक्तात साखर वाढली, की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि रक्तातून फिरत येऊन या बाहेरच्या भागावर बसतं. ते स्वतः पेशीच्या आत जाऊन काही करत नाही. ते बाहेर बसलं की आतले दोन भाग जागे होतात आणि एकमेकांवर फॉस्फेटची खूण लावतात. त्या खुणेवर आतलं एक प्रथिन येऊन चिकटतं, ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला.

"निरोप्यांची साखळीच म्हणा," डॉक्टर म्हणाले.

"आणि शेवटचा निरोप कोणाला?"

"इथे गंमत आहे." डॉक्टरांनी गोलाच्या आत बारीक बारीक पिशव्या काढल्या. "साखर भिंतीतून अशीच शिरू शकत नाही. तिला वाट लागते. ह्या वाटा, म्हणजे साखर वाहून नेणारी प्रथिनं, एरवी आतमध्ये पिशव्यांच्या कातड्यात बसून असतात. निरोप आला की पिशव्या भिंतीकडे सरकतात, भिंतीत मिसळून जातात आणि प्रथिनं बाहेरच्या बाजूला उघडी पडतात. काही मिनिटांचं काम. मग साखर आपोआप आत. इन्सुलिन उतरलं की भिंतीचा तो तुकडा पुन्हा आत ओढला जातो."

मंगलाबाई त्या चिठ्ठीकडे बघतच राहिल्या. वीस वर्षं त्यांनी सुया टोचल्या होत्या, आणि प्रत्येक सुईमागे एवढी धावपळ चालायची, याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांना खरं तर राग आला. एवढं साधं कोणी आधी का सांगितलं नाही, असा राग.

डॉक्टर पुढेही बोलत होते. हे झालं स्नायूंचं आणि चरबीचं. मेंदूला ह्या वाटा लागत नाहीत, तो इन्सुलिनवाचूनच साखर घेतो. आणि लिव्हरची तऱ्हा वेगळी. तिच्यावरही इन्सुलिन बसतं, पण तिथे त्याचं काम लगाम धरण्याचं. इन्सुलिन नसलं तर लिव्हर स्वतःच साखर बनवून रक्तात ओतत राहते, आणि चरबी वितळून तिचं आम्ल होतं. बाईंनी हेही ऐकलं. समजलंही. ऐकलं नव्हतं असं त्यांना पुढे कधीच म्हणता आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी माहेराहून द्राक्षं भरायचा एक पुठ्ठ्याचा खोका आणला. त्याच्या एका बाजूला चौकोनी झरोके कापले, त्यांना आतून पट्ट्या लावल्या. आतल्या दोऱ्यांना कापडी पिशव्या टांगल्या. बाहेर लाकडी चिमटा बसवला, कपडे वाळत घालायचा. चिमट्यात लाल मणी अडकवला की दोरी ओढली जायची, पिशव्या सरकत झरोक्यांपाशी यायच्या आणि पट्ट्या बाजूला व्हायच्या. मग बाई बाहेर पसरलेले फुटाणे आत ढकलायच्या. फुटाणे म्हणजे साखर, मणी म्हणजे इन्सुलिन, पिशव्या म्हणजे साखरेची दारं. मणी काढला की पिशव्या मागे, झरोके बंद, फुटाणे बाहेर. शेतकरी, भाजीवाल्या, पेन्शनर, सगळे हरखून बघायचे. लिव्हरचं मात्र खोक्यात बसेना. पहिल्या एक-दोन गुरुवारी त्यांनी तोंडी सांगून पाहिलं, तर लोकांचा गोंधळ उडाला. "मंग इन्सुलिन साखर आत घेतं का बाहेर येऊ देत नाय? एक काय ते सांगा," एक म्हातारा वैतागून म्हणाला. बाईंनी लिव्हर सोडून दिली. तेवढंच एक सोपं केलं आणि गाडी सुरळीत चालू लागली.

त्याच वर्षी एक आजोबा सकाळी सुई घेऊन न जेवता देवदर्शनाला गेले आणि साखर उतरून रस्त्यातच कोसळले. वाचले, पण बाईंनी धसका घेतला. शेडच्या भिंतीवर लाल रंगात स्वतःच्या हातानं लिहिलं: जेवण नाही, तर सुई नाही.

नवसाबाई वर्गात आली ती सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात. मखमलाबादच्या पुढे त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. नवरा चिमाजी, सासरा कोंडाजी आणि एकुलती एक पोर दिशा, आठ वर्षांची. पोर महिनाभरात वाळून काटकी झाली होती, घागरभर पाणी प्यायची, झोपेत अंथरूण ओलं करायची. बाहेरचं काही झालंय म्हणून दोन ठिकाणी अंगारे-धुपारे झाले आणि मग पोर डॉक्टरांकडे आली. तिच्या शरीरात इन्सुलिन बनणंच बंद पडलं होतं. आता जन्मभर, दिवसातून दोनदा, सुई. एक पाण्यासारखं इन्सुलिन, एक दुधासारखं, दोन्ही एकाच सिरिंजमध्ये ओढून.

सातवी शिकलेली नवसाबाई वर्गात पहिल्या रांगेत बसली. खोक्याचा खेळ संपल्यावर तिनं हात वर केला. "सिस्टर, ही दारं आत कशापायी ठेवली? भितीतच कायमची बसवली असती म्हंजी सुईची कटकटच नको."

एवढ्या वर्षांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मंगलाबाईंना भरून आलं. "दारं कायम उघडी राहिली, तर उपाशी असतानाही स्नायू साखर ओढत राहतील. मेंदूला काय उरेल? म्हणून जेवलं की दारं भिंतीला, उपाशी असलं की दारं आत. उपाशी असताना ती आतच बरी."

उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. नवसाबाईनं ते मनात लिहून घेतलं.

पुढची दोन वर्षं ही बाईंच्या नोकरीतली सगळ्यात सुखाची. नवसाबाई हात धुऊन, सुई पाण्यात उकळूनच वापरायची. घरात फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिनच्या बाटल्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची. लघवीची तपासणीही तीच करायची: निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, आठ थेंब टाकायचे, चिमणीवर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं म्हणजे भरपूर. वहीत रंगांची नावं लिहून आणायची. चिमाजी सुई टोचायला शिकला खरा, पण वर्गाला कधी आला नाही. "बायकू शिकती ना, बास झालं," म्हणायचा. डॉक्टर पाहुण्या डॉक्टरांसमोर नवसाबाईची वही दाखवायचे, आणि मंगलाबाई दाराशी उभ्या राहून उगाच पदर सारखा करायच्या. आपल्या हाताखालून निघालेलं पीक, दुसरं काय.

मग नव्याण्णवचा दसरा आला.

फुलमळेवाल्यांच्या घरात नवरात्राचे शेवटचे दिवस कसे असतात ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. वर्षाची कमाई त्या तीन दिवसांत. घरात घट बसलेला, नवसाबाईला नऊ दिवसांचा उपास, आणि अंगणात झेंडूचे ढीग. माणसं बसल्या जागी माळा ओवतात, उठतात ती टेम्पो भरायलाच. सातव्या माळेच्या संध्याकाळी दिशाला ताप आला. दुसऱ्या दिवशी, अष्टमीला सकाळी, पोटात पाणीही ठरेना. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या.

चिमाजी टेम्पोत फुलं भरून निघायच्या बेतात होता. जाता जाता त्यानं विचारलं, "पोरीची सुई दिली का?"

"नाय."

"दे की मंग."

"अवं, पोटात अन्नाचा कण नाय तिच्या. उपाशी असल्यावर दारं आत असत्यात. सुई दिली तर दारं उघडतील, हाय तेवढी साखर आत जाईल अन् पोर बेसुध पडंल. त्या म्हाताऱ्याचं झालं तसं. भितीवर लिवलंय सिस्टरनी."

चिमाजी टेम्पोकडे वळता वळता थांबला. "मला तर वाटतं द्यावी," म्हणाला. नवसाबाईनं त्याला घाईघाईत, पण नीट, खोका समजावून सांगितला. मणी, चिमटा, पिशव्या, फुटाणे. फुटाणेच नाहीत तर मणी कशाला? त्याला ते पटलं. एवढ्या ठाम बोलणाऱ्या, शिकून आलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? तो गेला बाजाराला आणि फुलं विकली जाईपर्यंत तिकडेच अडकला.

संध्याकाळी नवसाबाईनं लघवी तपासली. नळीतलं पाणी विटकरी झालं. पुन्हा केली, पुन्हा विटकरी. ती विचारात पडली. दिवसभर पोरीनं खाल्लं नाही, मग साखर आली कुठून? खोक्यात तर बाहेरचे फुटाणे जेवणातूनच येतात, दुसरीकडून येण्याची वाटच नव्हती. तिनं निळ्या औषधाची बाटली उजेडात धरली. औषध जुनं झालं, खराब झालं, असं तिनं ठरवलं आणि बाटली उकिरड्यावर फेकली. त्या दिवसाच्या रकान्यात वहीत लिहिलं: औषध बिघडलं, नवं आणणे.

अष्टमीच्या दोन आणि नवमीच्या दोन, अशा चार सुया चुकल्या. दसऱ्याच्या पहाटे दिशाचा श्वास धापा टाकल्यासारखा खोल झाला, तेव्हा कोंडाजी शेजाऱ्याची जीप घेऊन निघाला.

मंगलाबाई त्या दिवशी सकाळपाळीला होत्या. जीपमधून पोर उतरवताना त्यांना आधी वास आला, फार पिकून आंबलेल्या फळासारखा, आणि त्यांना सगळं कळलं. साखर पाचशे चाळीस. रक्तात आम्ल. डॉक्टर धावत आले, सलाईन सुरू झालं, सलाईनमधून इन्सुलिन सुरू झालं. दुपारी बारापर्यंत साखर उतरू लागली आणि सगळ्यांना वाटलं, हाती लागली. दिशानं डोळे उघडले, आईला म्हणाली, "डोकं लय दुखतंय." मग ती असंबद्ध बोलू लागली. मग बोलेनाशी झाली. मेंदूला सूज आली होती. डॉक्टरांनी जे जे हाताशी होतं ते सगळं केलं. दुपारी चारला, खाली रस्त्यावर लोक आपट्याची पानं देत एकमेकांना सोनं घ्या म्हणत होते, तेव्हा ती गेली.

नवसाबाई रडली नाही. ती मंगलाबाईंपाशी आली आणि म्हणाली, "सिस्टर, मी तुमच्या खोक्यापरमानंच केलं. एक घासबी पोटात नव्हता, म्हून एकबी सुई दिली नाय. मंग काय चुकलं?"

त्या वेळी उत्तर द्यायला हवं होतं. मंगलाबाई "बसा, पाणी घ्या" एवढंच म्हणाल्या आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन कडी लावून घेतली.

केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं: आईने इन्सुलिन बंद केले. खोटं काहीच नव्हतं त्यात. तेच वाक्य चिमाजीनं कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि तेच घेऊन तो घरी गेला. आठवडाभरानं दवाखान्याच्या मावशी आक्काबाई, ज्यांची बहीण मखमलाबादला दिली होती, फरशी पुसता पुसता सांगू लागल्या. "चिमाजी तिच्याशी बोलत नाय. म्हनतो, मी सांगितलं व्हतं सुई दे, हिनंच अडवली, हिनंच पोर मारली. भावकीबी तेच म्हनती. दहावा झाला की तिला नांदगावला म्हायेरी नेऊन सोडणार हायेत. कायमची."

मंगलाबाई सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या. "मी जाऊन सांगते, चूक माझी आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तुम्ही शिकवलं त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता."

"अर्धवट होता. लिव्हरचं तुम्ही मला सांगितलं होतं. मी गाळलं. वर भिंतीवर लिहून ठेवलं."

"आणि पाच वर्षं मीही ती भिंत बघत आलो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. मग सावरून म्हणाले, "तुम्ही जाऊन असं बोललात तर उद्या ते वकील घेऊन येतील. दवाखाना बंद होईल. बाकीच्या तीनशे पेशंटचं काय?"

मंगलाबाईंना त्यांची कीव आली आणि चीडही. खालून रंगाचा डबा आणवून भिंतीवरची ओळ पांढऱ्यानं पुसली. लाल अक्षरं पांढऱ्याखालूनही दिसत राहिली, म्हणून दुसरा हात दिला.

दहावा रामकुंडावर झाला. त्या दिवशी दुपारी बाई रिक्षा करून मळ्यावर पोहोचल्या. खोका नेला नव्हता. त्याच्याकडे बघवतच नव्हतं. अंगणात भावकीचे चार-पाच पुरुष, बाजेवर कोंडाजी, पायरीवर डोकं भादरलेला चिमाजी. नवसाबाई चुलीपाशी पाठमोरी. दसऱ्याचा न तोडलेला झेंडू रानात काळा पडून गेला होता.

मंगलाबाई उभ्या उभ्याच बोलल्या. "तुमच्या सुनेनं चूक केली नाही. तिला मी जेवढं शिकवलं, तेवढं तिनं काटेकोर केलं. चूक माझी आहे."

"मला कळत नव्हतं का?" चिमाजी ताडकन म्हणाला. "मी अडाणी, तरी म्हनालो सुई दे."

"तुमचं बरोबर होतं. आणि ते का बरोबर होतं, ते मी तिला कधी सांगितलं नाही." बाईंनी स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "इथे लिव्हर असते. माणूस उपाशी राहिला की ती स्वतः साखर बनवून रक्तात सोडते, मेंदू चालावा म्हणून. ताप असला की जास्तच. तिला आवर घालतं ते इन्सुलिन. थोडंसं इन्सुलिन माणसाच्या अंगात कायम लागतं, जेवला तरी, नाही जेवला तरी. तुमच्या-माझ्या अंगात ते आपोआप असतं. दिशाच्या अंगात फक्त सुईतलंच होतं. ते थांबलं, तशी लिव्हरनं साखर ओतायला सुरुवात केली. तिकडे स्नायूंची दारं आतच राहिली, म्हणून ती साखर कुठे जाईना. इन्सुलिन नाही म्हणून अंगातली चरबी सुटली, तिचं आम्ल झालं, ते रक्तात साठलं. उलट्या, धाप, तो वास, सगळं त्याचंच."

बाईंनी हात खाली घेतला.

"आजारपणात सुई बंद करायची नसते. लागेल तशी कमी-जास्त करायची, साखरपाणी पाजायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. हे माझ्या वर्गात पहिलं सांगायला हवं होतं. मी सांगितलंच नाही, कारण लोकांचा गोंधळ उडतो असं मला वाटलं. तेव्हा दोष द्यायचा तर मला द्या. पोलिसात जायचं असेल तर मी येते बरोबर. पण हिला घराबाहेर काढू नका."

कोंडाजी भावकीकडे वळला. "ऐकलं का? सुनेचा दोष नाय. तिला कुनी कुटं धाडायचं नाय. इषय संपला." चिमाजीनं तोंड ओंजळीत घेतलं आणि तो हमसून रडायला लागला.

मंगलाबाईंच्या छातीवरचा दगड उतरला. आले ते बरं केलं, असं त्यांना वाटलं. अगदी क्षणभरच वाटलं.

नवसाबाई चुलीपासून उठून आली होती. तिनं एक शब्दही चुकवला नव्हता. "सिस्टर, म्हंजी ते निळं औषध बिघडलेलं नव्हतं."

"नव्हतं."

"पानी विटकरी झालं ते खरंच साखरेचं."

"हो."

"अन् ती लिव्हरमधून येत व्हती."

"हो, नवसाबाई."

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. घरात घडलेलं सगळं ती एकेक करून जागेवर लावत होती, आणि मंगलाबाईंना एकदम भीती वाटली, कारण पुढचा प्रश्न काय असणार हे त्यांना दिसलं. बाईंनी येताना रिक्षात बोलायचं सगळं मनाशी घोकलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर घोकलं नव्हतं.

"अष्टमीला सांजच्याला, पानी विटकरी झालं तवा, मी सुई दिली असती अन् तुमच्याकडं आणली असती, तर ती जगली असती?"

कोणीही दुसरी नर्स म्हणाली असती, देवाच्या हाती असतं. मंगलाबाईंनीही तोंड उघडलं ते तेच म्हणायला. पण या बाईला अर्धवट सांगून एकदा झालं होतं.

"जगली असती," त्या म्हणाल्या.

नवसाबाईनं मान हलवली. "आता समजलं," म्हणाली.

देवानं नेली, औषध नासलं, नशीब फुटलं, यातलं काहीतरी एक दहा दिवस तिच्या हाताशी होतं. ते बाईंनी काढून घेतलं आणि त्या जागी खरं ठेवलं. नवसाबाई घरात गेली. बाहेर आली तेव्हा हातात कापडी पिशवी होती, आणि तिच्यात दोन लुगडी.

"सूनबाई, कुटं?" कोंडाजी बाजेवरून उठला. "आता कुनी जा म्हनलंय का तुला?"

"नांदगावला," ती म्हणाली. "तुमी काढलं असतं तर मी भांडले असते, मामंजी. आता कुनाशी भांडू?"

चिमाजी तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेला, पिशवी धरून ओढू लागला, हात जोडू लागला. मंगलाबाई अंगणातच उभ्या होत्या. थोड्या वेळानं नाशिककडे जाणारी एसटी थांबली, आणि चिमाजी एकटाच परत आला.